फोटोतला उतार आणि घर्षणाचा बाण

जॅम, जेस्ट, नेट अशा परीक्षांची तयारी करणारी ज्युनिअर मंडळी व्हॉट्सॲपवर प्रश्नांचे फोटो पाठवतात. मेकॅनिक्सच्या प्रश्नांत एक चित्र हमखास असतं: तिरपा उतार, त्यावर ठोकळा, ठोकळ्याला टेकलेला एक बाण, आणि कोपऱ्यात μ. खाली विचारलेलं असतं, 'घर्षण बल किती?' प्रश्न बारावीचा वाटतो, पण पीएचडीच्या मुलाखतीत फळ्यापाशी उभं करून हाच विचारतात. कारण इथे सूत्र पाठ आहे की आकृती समजली आहे, ते दोन मिनिटांत कळतं.

आज असाच एक प्रश्न घेऊ. फोटोत काय दिसतंय ते आधी सांगतो. 5 किलोचा ठोकळा 37° च्या खडबडीत उतारावर ठेवलेला आहे. त्याला 20 न्यूटनचं आडवं बल F उताराच्या दिशेने दाबतंय. μₛ = 0.5, μₖ = 0.4, आणि g = 10. पर्याय चार: 10, 14, 20, 26 न्यूटन. sin 37° साठी 0.6 आणि cos 37° साठी 0.8 धरायचं, नेहमीसारखं.

हे चारही पर्याय उगाच दिलेले नाहीत. प्रत्येक आकडा हा हेच चित्र वाचण्याचा एक वेगळा प्रकार आहे. त्यामुळे गणित सोडवण्याआधी चित्र नीट वाचू.

फोटो म्हणजे आकृती नव्हे

फोटो काढताना मोबाईल क्वचितच कागदाला समांतर असतो. पुस्तक मांडीवर, दिवा मागे, सावली पडू नये म्हणून हात तिरका. समजा कॅमेरा पानाच्या वर सरळ न धरता खालच्या बाजूने 40° कलवून धरला. मग आकृतीची रुंदी तशीच राहते, पण उंची साधारण cos 40° म्हणजे 0.77 पट दिसते. मूळ उताराचा tan 0.75 होता, तो फोटोत 0.57 होतो, म्हणजे 37° चा उतार स्क्रीनवर जवळजवळ 30° चा दिसतो! अशात आकडा पुसट असेल आणि कुणी 'दिसायला तीसच वाटतोय' म्हणून sin θ = 0.5 घेतलं, तर पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकणार. फोटोतला कोन डोळ्याने किंवा कोनमापकाने मोजायचा नाही. छापलेला आकडा वाचायचा. तो वाचता येत नसेल तर दुसरा फोटो मागवायचा.

दुसरी गोष्ट बाणाची. F आडवं आहे की उताराला समांतर? पान थोडं फिरलेलं असेल तर आडवा बाणही तिरपा दिसतो. म्हणून त्याची तुलना फोटोच्या कडेशी करू नका. उताराच्या पायाची रेघ किंवा वर छापलेल्या वाक्याची ओळ बघा. बाण त्या रेघेला समांतर असेल तर बल आडवं आहे, उताराच्या रेघेला समांतर असेल तर ते उतारावरून ढकलतंय. कॅमेरा तिरका असला तरी एकमेकींना समांतर रेघा छोट्याशा आकृतीत बऱ्यापैकी समांतरच राहतात, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे. काटकोनाचं मात्र तसं नाही. तिरक्या फोटोत काटकोन काटकोन दिसेलच असं नाही. म्हणूनच फोटोवरच स्टायलसने mg चा बाण काढत बसू नये.

तिसरी गोष्ट: 37° चा आकडा नक्की कुठल्या कोपऱ्यात लिहिलाय? पायापाशी की वरच्या टोकाशी? वरच्या टोकाशी असेल तर तो कोन उभ्या रेषेशी आहे, म्हणजे उतार आडव्याशी 53° चा झाला. मग sin आणि cos ची अदलाबदल होते. फरक किती पडतो ते बघा: 53° धरलं तर उताराच्या दिशेने खाली ओढणारं बल 40 − 12 = 28 न्यूटन, N = 30 + 16 = 46 न्यूटन, आणि घर्षणाची मर्यादा 23 न्यूटन. म्हणजे ठोकळा घसरतोच! नुसता आकडा बदलत नाही, घटनाच बदलते. आपल्या फोटोत 37° पायापाशी आहे.

अजून एक गंमत. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकाचा फोटो असेल तर आधीच्या मालकाने पेन्सिलीने काढलेले बाणही त्यात येतात. छापील बाण कुठला आणि पेन्सिलीचा कुठला हे आधी वेगळं करा. पेन्सिलीचा बाण हे कुणाचं तरी उत्तर आहे, प्रश्नातली माहिती नव्हे.

आता कोऱ्या कागदावर ठोकळा एकटा काढा

फ्री बॉडी डायग्राम काढायची म्हणजे ठोकळा उतारावरून उचलून हवेत ठेवायचा. उतार काढायचाच नाही, फक्त त्याची दिशा दाखवणारी एक फिकट तुटक रेघ चालेल. आणि कोन 45° च्या जवळ काढू नका, 20–25° चा चपटा काढा. 45° ला sin आणि cos दोन्ही सारख्याच लांबीचे दिसतात आणि कुठला कुठे लावायचा यात घोळ होतो. चपट्या उतारावर स्पष्ट दिसतं की वजनाचा मोठा भाग पृष्ठभागावर दाबतोय आणि छोटा भाग खाली ओढतोय. म्हणजे मोठा cos, छोटा sin.

ठोकळ्याला कोण कोण शिवतंय? उतार शिवतोय, तो दोन बलं देतो: पृष्ठभागाला लंब असलेलं N आणि पृष्ठभागाच्या कडेने जाणारं घर्षण f. ढकलणारी काठी किंवा हात शिवतोय, तो F देतो. न शिवता ओढणारी पृथ्वी, तिचं mg सरळ खाली. संपलं. चार बाण. mg sin θ आणि mg cos θ हे या चारांत मोजायचे नाहीत, ते mg चेच तुकडे आहेत. त्याच आकृतीत mg सुद्धा आणि त्याचे तुकडे सुद्धा काढले की समीकरणात वजन दोनदा येतं. तुकडे शेजारी दुसऱ्या आकृतीत काढा, किंवा काढल्यावर मूळ mg वर काट मारा. 'ma' नावाचा बाणही काढायचा नाही, ती बलांची बेरीज आहे, वेगळं बल नाही.

f चा बाण कुठल्या दिशेने? सध्या काढून टाका उताराच्या वरच्या दिशेने. चुकला तर काय होतं ते पुढे बघूच.

आता उताराला समांतर आणि उताराला लंब असे दोन अक्ष घेऊ. mg = 50 न्यूटन, त्यातले 30 उताराने खाली ओढतात, 40 पृष्ठभागावर दाबतात. F आडवं आहे, म्हणून त्याचेही दोन तुकडे होतात: 20 × 0.8 = 16 न्यूटन उताराने वर, आणि 20 × 0.6 = 12 न्यूटन पृष्ठभागात आत. हा 12 बऱ्याच जणांकडून निसटतो, कारण 'N = mg cos θ' हे समीकरण डोक्यात छापलेलं असतं. इथे ते खोटं आहे. पृष्ठभागाला लंब दिशेने ठोकळा हलत नाही, म्हणून

N = 40 + 12 = 52 न्यूटन.

N हे सूत्र नव्हे, प्रत्येक वेळी लंब दिशेचा तोल लिहून काढायची गोष्ट आहे. वरून दोरीने तिरपं ओढलं असतं तर N कमी झालं असतं.

घर्षण आधी मागा, मग परवडतं का बघा

आता मुख्य मुद्दा. खूप जण N मिळाल्यावर लगेच f = μₛN = 0.5 × 52 = 26 लिहितात आणि चौथा पर्याय निवडतात. ज्यांचा 12 निसटला ते 0.5 × 40 = 20 लिहून तिसरा निवडतात. दोघांचीही अडचण एकच. μₛN हे घर्षणाचं मूल्य नाही, ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे. स्थिर ठोकळ्यासाठी खरं विधान असमीकरणाचं आहे:

f ≤ μₛN

प्रत्यक्ष f किती, हे या असमीकरणातून कळत नाही. ते न्यूटनच्या नियमातून कळतं. स्थितिक घर्षण हे गरजेपुरतं लागणारं बल आहे. टेबलावरच्या पुस्तकाला कुणी ढकलत नसेल तर घर्षण शून्य असतं, μₛmg नसतं. तसं असतं तर पुस्तक आपोआप कुठल्यातरी दिशेला निघालं असतं!

म्हणून क्रम असा ठेवायचा. ठोकळा स्थिर आहे असं गृहीत धरा. स्थिर राहण्यासाठी किती घर्षण लागेल ते काढा. मग ते मर्यादेत बसतं का बघा. इथे उताराने खाली 30, वर 16, म्हणून लागणारं घर्षण 30 − 16 = 14 न्यूटन, वरच्या दिशेने. मर्यादा 26 ची. 14 परवडतंय. ठोकळा स्थिर, f = 14 न्यूटन, दुसरा पर्याय.

आणि 10? बाण उताराला समांतर वाचला तर F पूर्ण 20 वर लागतं, 30 − 20 = 10. भौतिकशास्त्र बरोबर, फोटो चुकीचा वाचला.

F बदलत जाऊ

एका आकड्यावर थांबलं तर या प्रश्नातली मजा कळत नाही. F सरकवून बघा. ठोकळ्याला न घसरता राहायला लागणारं घर्षण (वरची दिशा धन) म्हणजे 30 − 0.8F, आणि मर्यादा म्हणजे 0.5 × (40 + 0.6F) = 20 + 0.3F.

F = 0 असेल तर 30 लागतं आणि मर्यादा 20. परवडत नाही. ठोकळा घसरतो, आणि आता गतिज घर्षण लागू: 0.4 × 40 = 16 न्यूटन. त्वरण (30 − 16)/5 = 2.8 मी/से². इथे लक्षात घ्या, μₖ वापरायची परवानगी आपल्याला 'स्थिर' हे गृहीतक मोडल्यावरच मिळाली.

थोडं ढकललं की घसरणं थांबतं. नेमकं किती? 30 − 0.8F = 20 + 0.3F सोडवलं की F = 10/1.1, म्हणजे साधारण 9.1 न्यूटन. तिथून पुढे F वाढवत नेलं तर घर्षण कमी कमी होत जातं. F = 20 ला 14. F = 37.5 ला 0.8F बरोबर 30 होतं आणि घर्षण शून्य! खडबडीत उतार, N भरपूर (62.5 न्यूटन), तरी घर्षण नाही. 'μ दिलंय म्हणजे घर्षण असणारच' या समजुतीला हे चांगलं औषध आहे.

F = 60 घेतलं तर लागणारं घर्षण 30 − 48 = −18. ऋण आलं. म्हणजे घर्षण आता उताराने खाली, 18 न्यूटन. मर्यादा 38, त्यामुळे ठोकळा अजून स्थिरच. आणि F = 100 ला लागणारं 50, मर्यादाही 50. त्यापुढे ठोकळा वर सरकू लागतो. म्हणजे 9.1 पासून 100 न्यूटनपर्यंत कुठलंही बल लावा, ठोकळा तिथेच बसून राहतो. 'ठोकळा स्थिर राहण्यासाठी F ची व्याप्ती काढा' हा मुलाखतीतला लाडका प्रश्न म्हणजे एवढंच: दोन टोकं, दोन्हीकडे f मर्यादेवर, पण दिशा उलट.

उलटा बाण कधी माफ, कधी नाही

आपण f चा बाण अंदाजाने वर काढला होता. F = 60 ला −18 आलं, म्हणजे गणितानेच सांगितलं की बाण उलटा हवा. इतकं सोपं का झालं? कारण f अज्ञात होतं. अज्ञात राशीची दिशा चुकली तर उत्तरात ऋण चिन्ह येतं आणि काम भागतं.

घसरणाऱ्या ठोकळ्याला ही सूट नाही. F = 120 घ्या. N = 40 + 72 = 112. F चा वरचा तुकडा 96. लागणारं घर्षण 66, मर्यादा 56, म्हणून ठोकळा वर सरकतो. गतिज घर्षण 0.4 × 112 = 44.8, आणि गती वर आहे म्हणून ते खाली. त्वरण (96 − 30 − 44.8)/5 = 4.24 मी/से². आता कुणी 'घर्षण नेहमी उताराने वर' हा पाठ केलेला नियम लावून बाण वर काढला तर (96 − 30 + 44.8)/5 = 22.16 येतं. उत्तर धन, चिन्हाने काही इशारा दिला नाही, आणि आकडा पाचपट चुकला. कारण इथे घर्षणाचं मूल्य आपण आधीच भरून टाकलंय. चूक पकडायला एक साधी तपासणी आहे: घर्षण अजिबात नसतं तर त्वरण 66/5 = 13.2 असतं. एका जागी पक्क्या उतारावर घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण घर्षण असताना त्याहून जास्त निघालं, तर बाण उलटा काढलाय.

मर्यादेच्या टोकांनाही हेच लागू. 9.1 आणि 100 काढताना f चं मूल्य μₛN भरलेलं असतं, म्हणून तिथे दिशा आधी विचार करून ठरवावी लागते: खालच्या टोकाला ठोकळा खाली घसरायच्या बेतात, म्हणून घर्षण वर, वरच्या टोकाला उलट.

कापलेली ओळ

फोटोतलं सगळ्यात महागडं नुकसान म्हणजे चौकटीबाहेर गेलेली प्रश्नाची पहिली ओळ. आपल्या प्रश्नात 'ठोकळा स्थिर अवस्थेतून सोडला आहे' असं असेल तर 14 बरोबर. पण कापलेल्या ओळीत 'ठोकळा उतारावरून खाली सरकत आहे' असं असेल तर? तेच चित्र, तेच आकडे, पण आता घर्षण गतिज: 0.4 × 52 = 20.8 न्यूटन, वर. त्वरण (30 − 16 − 20.8)/5 = −1.36, म्हणजे ठोकळ्याचा वेग कमी होत जाईल, तो थांबेल, आणि थांबल्या क्षणी घर्षण 20.8 वरून 14 वर येईल. ठोकळा वर सरकत असेल तर तेच 20.8, पण खाली. चित्रात वेगाचा बाण सहसा काढलेला नसतो, ती माहिती वाक्यातच असते. म्हणून फोटो पाठवताना आकृतीवर झूम करून पाठवू नका, पूर्ण प्रश्न येऊ द्या. आणि मिळालेल्या फोटोत पहिलं वाक्य अर्ध्यातून सुरू होत असेल तर सोडवायला घेऊच नका.

या सगळ्यात आपण ठोकळा बिंदू असल्यासारखा वागवला. सरकण्याच्या प्रश्नाला ते चालतं. ठोकळा उंच असेल आणि 'उलटेल का' असं विचारलं असेल तर N चा बाण मधोमध काढून भागत नाही. घर्षण तळाशी लागतं, बाकीची बलं मध्याशी (F सुद्धा मध्यातूनच जातं असं धरू), म्हणून तोल राखायला N थोडं उताराच्या खालच्या बाजूला सरकतं. मूळ F = 20 च्या प्रश्नात उंची h असेल तर हे सरकणं (14/52) × h/2, म्हणजे सुमारे 0.13h. चौकोनी ठोकळ्याला कडेपर्यंत 0.5h जागा असते, त्यामुळे तो निवांत उभा राहतो. उंचीच्या पाव भागाएवढाच रुंद ठोकळा घेतला तर जागा 0.125h उरते आणि तो सरकण्याआधीच खाली कलंडतो. अशा प्रश्नात F चा बाण ठोकळ्याच्या मध्याला टेकलाय की वरच्या कडेला, हेही फोटोत बघावं लागतं.